आधी थांबवा, मग पुसा: यूट्यूबच्या हिस्टरीचा माझा अनुभव

जानेवारीच्या 11 तारखेला माझ्या गळ्याच्या सोनोग्राफीचा अहवाल हातात आला. थायरॉइडमध्ये एक छोटी गाठ होती आणि सुईने नमुना काढून ती तपासून घ्यावी, असे त्यात लिहिले होते. डॉक्टरांनी घाबरण्यासारखे काही नाही असे सांगितले होते, तरी त्या रात्री कर्वेनगरच्या आमच्या घरात सगळे झोपल्यावर मी मोबाइल घेऊन बसले आणि पहाटे दोनपर्यंत यूट्यूबवर गाठ, गळ्याची शस्त्रक्रिया, कर्करोगाची लक्षणे असे एकामागून एक पाहत राहिले. सासूबाईंना यातले काहीच सांगायचे नाही, असे आम्ही नवराबायकोने ठरवले होते, कारण त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीचे निधन कर्करोगानेच झाले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे कीर्तन लावण्यासाठी दिवाणखान्यातला टीव्ही सुरू केला. पहिल्याच पडद्यावर एरवी कीर्तने आणि उपवासाचे पदार्थ असतात, तिथे त्या दिवशी पांढरा कोट घातलेले डॉक्टर आणि गळ्यावर लाल वर्तुळ काढलेली चित्रे रांगेने उभी होती. "अगं, हे कुणाला झालंय?" त्यांनी विचारले. मी "काही नाही हो आई, कुणीतरी चुकून लावलं असेल" असे म्हणून रिमोट घेतला खरा, पण टीव्हीवर माझेच खाते सुरू आहे, ही गोष्ट माझ्या लक्षात तेव्हा आली. दोन वर्षांपूर्वी टीव्ही आणला, तेव्हा घाईत माझ्या ईमेलने लॉगिन केले होते आणि पुढे त्याकडे कुणी पाहिले नव्हते. यूट्यूबची हिस्टरी उपकरणाची नसून खात्याची असते. त्यामुळे रात्री अंथरुणात जे शोधले, ते सकाळी दिवाणखान्यात पोहोचते.

त्या रात्री मी पहिली चूक केली. मोबाइलवर हिस्टरी उघडली, एकेका व्हिडिओपुढच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवले आणि `Remove from watch history` करत सुटले. सतरा-अठरा व्हिडिओ काढल्यावर समाधान वाटले. पण त्यानंतर पुन्हा राहवले नाही म्हणून मी त्याच विषयावरचे आणखी दोन व्हिडिओ पाहिले. नोंद होणे सुरूच होते, त्यामुळे ते दोन्ही यादीत जाऊन बसले. शिवाय मी फक्त पाहिलेले व्हिडिओ काढले होते. शोधपट्टीत टाइप केलेल्या शब्दांची नोंद वेगळी असते आणि ती तशीच होती. 13 तारखेला टीव्हीवर तोच विषय पुन्हा आला.

कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीने मग शेजारी बसून सगळा गुंता नीट उलगडून दाखवला. पुसणे आणि थांबवणे ही दोन वेगळी कामे आहेत, पाहिलेले आणि शोधलेले या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि थांबवण्याचे काम आधी करायचे असते, हे तिचे म्हणणे. घरातले नळाचे पाणी सुरू ठेवून फरशी पुसण्यासारखे मी करत होते.

मोबाइलमधल्या यूट्यूबमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात `You` आहे. तिथे गेल्यावर वरच्या चाकावरून `Settings` उघडते आणि त्यात `Manage all history` आहे. तिथे सर्वांत आधी पाहायचे ते खाते. माझ्या मोबाइलमध्ये घरचे आणि ऑफिसचे अशी दोन खाती आहेत, आणि चुकीच्या खात्यात शिरून स्वच्छ यादी पाहून निश्चिंत होणे किती सोपे आहे, हे मी अर्धा मिनिट अनुभवले. उघडणाऱ्या पानावर `History` आणि `Controls` असे दोन भाग दिसतात. आम्ही `Controls` मध्ये गेलो. तिथे संपूर्ण नोंद बंद करण्याचे `Turn off` हे बटण आहे, आणि त्याखाली पाहिलेल्या व्हिडिओंसाठी एक आणि शोधांसाठी एक अशा स्वतंत्र चौकटी आहेत, ज्यांतली खूण काढून एकच गोष्ट थांबवता येते. `Turn off` दाबल्यावर नुसते बंद करायचे की आधीचेही पुसून टाकायचे, असे दोन पर्याय समोर येतात. मुलगी म्हणाली, "आई, दुसरा नको हं दाबू, आजीचं सगळं जाईल." मी पहिला निवडला.

हे तिने का म्हटले, ते सांगणे आवश्यक आहे. दोन वर्षांची कीर्तने, कोणते कुठवर ऐकले हे दाखवणाऱ्या लघुचित्राखालच्या लाल रेषा आणि त्यांवर आधारलेल्या सूचना, हे सगळे माझ्याच खात्याच्या हिस्टरीवर उभे होते. सगळी हिस्टरी पुसून वर नोंदही बंद ठेवली, तर पहिल्या पानावर सूचनांऐवजी जवळपास मोकळी जागा दिसते. यूट्यूबने ऑगस्ट 2023 मध्ये जाहीरपणे ही पद्धत आणली. पुसलेली हिस्टरी परत मिळत नाही, त्यामुळे सासूबाईंसाठी तो पडदा पुन्हा भरायला मला कित्येक आठवडे लागले असते.

म्हणून पुसण्यासाठी आम्ही दोन मार्ग तपासले. त्या पानावर आपल्या नोंदींतच शोधण्याची सोय आहे. एखादा शब्द टाकला की त्या शब्दाच्या नोंदी वेगळ्या होतात आणि त्या एकदम काढता येतात. मी "थायरॉइड" टाकला तेव्हा काही नोंदी आल्या, "thyroid" टाकल्यावर वेगळ्याच आल्या, आणि "गळ्यातली गाठ: कधी काळजी करावी" अशा धाटणीचे मथळे असलेले व्हिडिओ दोन्हींत आले नाहीत. आपण एकाच विषयासाठी देवनागरीत, रोमन लिपीत आणि मिश्र मराठीत किती तऱ्हांनी लिहितो, याची यंत्राला कल्पना नसते. त्यामुळे शब्दावर विसंबून पुसणे मराठी माणसाच्या कामाचे नाही, असे माझे मत झाले.

दुसरा मार्ग तारखांचा. `Delete` दाबल्यावर आजचे पुसा, ठरावीक काळातले पुसा किंवा सर्व काळातले पुसा, असे पर्याय येतात. आम्ही `Delete custom range` निवडून 11 ते 13 जानेवारी अशा तारखा दिल्या. पुष्टीच्या पानावर जे पुसले जाणार आहे त्याची झलक दिसते आणि त्यात पाहिलेले व शोधलेले दोन्ही असल्याचे मी नीट पाहून घेतले. या तीन दिवसांतली सासूबाईंची दोन कीर्तनेही त्यात गेली, पण तेवढे चालणार होते. त्याआधी कामाच्या वाटलेल्या एका व्हिडिओचे नाव मी डायरीत लिहून ठेवले. तो खात्याच्या कुठल्याही यादीत साठवला असता, तर हिस्टरी पुसल्यावरही तिथेच राहिला असता आणि टीव्हीवरून दिसू शकला असता.

आणि नेमके असेच दुसरीकडे घडले होते. 14 तारखेला टीव्ही लावला तर पडदा बहुतेक पूर्ववत झाला होता, पण एका डॉक्टरांचा चेहरा मधूनच डोकावत होता. मुलीने शोधून काढले: त्या रात्री मी त्यांच्या एका व्हिडिओला `Like` दिला होता आणि त्यांच्या चॅनेलला सबस्क्राइबही केले होते. हिस्टरी पुसल्याने या दोन गोष्टींना धक्का लागत नाही. त्या स्वतंत्रपणे काढाव्या लागतात. त्या काढल्या, टीव्हीवरचे अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडले, आणि संध्याकाळपर्यंत डॉक्टर गेले.

बंद केलेली नोंद खरोखर बंद आहे का, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे कुठलाही व्हिडिओ एक मिनिट चालवून मग हिस्टरीची यादी उघडणे. तो वर दिसला नाही, तर काम झाले. मी हे मोबाइलवर आणि टीव्हीवर, दोन्हीकडे केले. टीव्हीवर वेगळे काही बंद करावे लागले नाही, कारण खाते तेच होते. एक गोष्ट मात्र राहून गेली होती: लॅपटॉपवर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत एक अक्षर टाकताच मी उघडलेल्या व्हिडिओचे नाव पुढे आले. ती ब्राउझरची स्वतःची हिस्टरी, यूट्यूबची नव्हे. ती ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन निराळी पुसली. गूगलवर केलेले शोधही यूट्यूबच्या हिस्टरीत येत नाहीत, ते खात्याच्या वेगळ्या विभागात राहतात आणि तिथेच काढावे लागतात.

दोन दिवस सारे शांत होते. मग सासूबाईंची तक्रार आली: काल अर्ध्यावर सोडलेले कीर्तन आज पुन्हा पहिल्यापासून लागते, आणि पडद्यावर तेच ते दिसते. तक्रार रास्त होती. पाहिलेल्या व्हिडिओंची नोंदच होत नसल्यामुळे थांबलेली जागा लक्षात ठेवायला कुणी नव्हते आणि नव्या सूचनांना नवे खाद्य मिळत नव्हते.

तेव्हा आम्ही रचना बदलली. सासूबाईंसाठी वेगळे खाते काढून ते टीव्हीवर जोडले आणि माझे खाते टीव्हीवरून काढून टाकले. त्यांच्या खात्यात दोन्ही नोंदी सुरू आहेत. माझ्या खात्यात पाहिलेल्यांची नोंद पुन्हा सुरू केली, शोधांची बंदच ठेवली, आणि आपोआप पुसण्याच्या 3, 18 व 36 महिन्यांच्या पर्यायांपैकी 3 महिन्यांचा निवडला. आरोग्याविषयी काही पाहायचे असेल, तर आता मोबाइलमधला `Incognito` वापरते. त्यात पाहिलेले आणि शोधलेले खात्यात जमा होत नाही.

गाठीचा अहवाल चांगला आला, तो सासूबाईंना आम्ही नंतर सावकाश सांगितला. टीव्हीवर नवे खाते लावून दिले त्या पहिल्या संध्याकाळी पडदा अगदीच अनोळखी होता, म्हणून मी त्यांच्या आवडत्या तीन कीर्तनकारांचे चॅनेल सबस्क्राइब करून दिले आणि एक कीर्तन लावले. वीस मिनिटांनी त्या जेवायला उठल्या. जेवण झाल्यावर येऊन रिमोट दाबला, लाल रेषा जिथे थांबली होती तिथूनच आख्यान पुढे सुरू झाले, आणि "आता बरोब्बर लागलं बघ" म्हणून त्यांनी पाय वर घेतले.