रंगीत शाई संपली त्या रविवारी

ठाण्यात नौपाड्यातल्या एका दीड खोलीच्या जागेत मी रविवारी कलेच्या इतिहासाचा वर्ग घेते. बीएफएची मुलं असतात, दोघं-तिघं नेट परीक्षेच्या तयारीची असतात. दर महिन्याला ओळखकार्डांची चाचणी होते. कार्डाच्या पुढे शिल्पाचा फोटो आणि मागे वैशिष्ट्यं, काळ, शैली. मुलांनी फोटो बघून मागची बाजू लिहायची.

त्या महिन्यात विषय होता बुद्धमूर्ती. कार्डं मुलांना आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर पाठवली होती आणि तोंडी विचारलं तर सगळी धडाधड सांगत होती. रविवारी सकाळी साडेआठला प्रिंटरची रंगीत शाई संपली. रविवारचं कुठलं दुकान उघडं असणार? शेवटी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून सगळी कार्डं काळी-पांढरी काढून आणली. चित्रं तर तीच आहेत, काय फरक पडतो, असं मला वाटलं.

एकोणीस मुलं बसली होती. चौदा नंबरच्या कार्डावर एक उभा बुद्ध होता. मथुरेच्या जमालपूरला सापडलेला, तिथल्याच सरकारी संग्रहालयात असलेला, इसवी सनाच्या पाचव्या शतकातला, म्हणजे गुप्तकाळातला. एकोणिसातल्या सतरा जणांनी लिहिलं, 'गांधार शैली, कुषाण काळ', म्हणजे प्रदेश पार वायव्येकडचा आणि काळ गुप्तांच्या आधीचा. आठवडाभर रंगीत फोटोवर हेच कार्ड सगळ्यांना येत होतं.

आधी मला रागच आला. मग एकाला विचारलं, काल कसं ओळखत होतास? तो म्हणाला, "मॅडम, लाल दगड म्हणजे मथुरा, करडा म्हणजे गांधार, पिवळसर म्हणजे सारनाथ. आज दगडच दिसत नाहीये."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. गांधारच्या बहुतेक मूर्ती करड्या-निळसर शिस्ट दगडाच्या आहेत, मथुरेच्या लाल, ठिपकेदार वालुकाश्माच्या, सारनाथच्या चुनारच्या फिक्या पिवळसर दगडाच्या. पण फोटोतला रंग दिव्यावर आणि छपाईवर बदलतो. शिवाय गांधार प्रदेशात चुन्याच्या गिलाव्याच्या पांढऱ्या मूर्तीही पुष्कळ झाल्या. त्यांना हा नियम लावला तर हातात काही राहत नाही.

बरं, रंग गेला तर सगळे गांधारकडेच का वळले? कार्डाची मागची बाजू वाचली आणि कान लाल झाले. तिथे माझ्याच अक्षरात होतं: 'गांधार: दोन्ही खांदे झाकलेले, वस्त्राला चुण्या. मथुरा: उजवा खांदा उघडा.' चौदा नंबरच्या बुद्धाचे दोन्ही खांदे झाकलेले आहेत आणि वस्त्राला भरपूर चुण्या आहेत. माझ्या नियमाने तो गांधारचाच ठरतो! मुलांनी मी शिकवलेलंच लिहिलं होतं.

तो नियम मी एका मूर्तीवरून बांधला होता. मथुरेचा कटऱ्याचा बसलेला बुद्ध घ्या. कुषाण काळातला, उजवा खांदा उघडा, डोकं गुळगुळीत, वर शंखासारखा वळलेला केसांचा एकच बुचडा, डोळे टक्क उघडे. तिथे नियम छान चालतो. पण मथुरेचे कारागीर पुढची तीनेकशे वर्षं तिथेच थांबले नव्हते. कुषाण काळातच त्यांच्याकडे दोन्ही खांदे झाकलेल्या मूर्ती दिसू लागतात, आणि गुप्तकाळात ते वस्त्र त्यांनी पार आपलं करून घेतलं. मी मात्र कार्डावर 'मथुरा' एवढंच लिहून काळ गिळून टाकला होता.

उरलेल्या दोघांपैकी एकाने अंदाजाने लिहिलं होतं, तसं त्याने कबूल केलं. दुसरी होती कळव्याहून येणारी मुलगी. तिच्या आईचं ब्लाउज शिवण्याचं काम आहे. तिला म्हटलं, तू कशावरून लिहिलंस?

"मॅडम, हे कापड जाड नाहीये."

"कसं कळलं?"

ती कार्ड घेऊन पुढे आली. "गांधारच्या कार्डात शाल आहे, लोकरीची असावी तशी. चुणी खोल जाते, एका बाजूला ओढली जाते, खाली अंग कुठे आहे ते कळतच नाही. इथे चुण्या वर उचललेल्या आहेत, दोरी शिवून टाकल्यासारख्या. आम्ही पायपिंग लावतो ना, तशा. गळ्यापासून खालपर्यंत एकाखाली एक, सगळ्या सारख्या अंतरावर. आणि आतल्या वस्त्राची कमरेची रेघ दिसतेय बघा. जाड कापडातून कमर दिसेल का?"

मी पंधरा वर्षं 'पारदर्शक वस्त्र' हा शब्द लिहून देतेय. तो इतका नीट उलगडून कुणी मला सांगितला नव्हता. खऱ्या कापडाला एवढ्या सारख्या अंतराच्या चुण्या पडत नाहीत. ती कारागिराने घातलेली नक्षी आहे, आणि ती पाण्यातून निघाल्यासारख्या अंगाला चिकटलेली आहे. एकदा हे दिसलं की बाकीचं मागोमाग येतं. गांधारच्या बुद्धाचे केस लाटांसारखे मागे घेतलेले असतात, इथे बारीक बारीक गोल कुरळे आहेत. गांधारची प्रभावळ बहुतेक साधी थाळी, कुषाण मथुरेची कडेला कातरलेली, आणि इथे कमळ आणि वेलबुट्टीची भरगच्च वर्तुळं. डोळे अर्धे मिटलेले. हे सगळं काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरही दिसत होतं. बघितलं कुणी नव्हतं, माझ्यासकट.

मग चाचणी तशीच राहिली आणि आम्ही कार्डांच्या मागच्या बाजू खोडत बसलो. ठरलं ते असं: आधी कापड, मग केस, मग प्रभावळ, आणि दगड सगळ्यात शेवटी, तोही नुसता खात्री करायला. 'मथुरा' एकटं लिहायचं नाही, 'कुषाण मथुरा' किंवा 'गुप्त मथुरा' असंच. प्रभावळ पुष्कळदा तुटलेली असते म्हणून तिच्यावर भिस्त ठेवायची नाही. आणि प्रत्येक मूर्तीचे दोन फोटो, एक पूर्ण आणि एक छातीपर्यंत कापलेला, कारण एकच फोटो महिनाभर बघितला की मुलं मूर्ती नाही, फोटो पाठ करतात.

पुढच्या महिन्यात शाई होती, तरी मी मुद्दाम काळीच कार्डं काढली. चौदा नंबर पंधरा जणांना आलं. मी खुशीत पुढचे पेपर तपासायला घेतले तर एकाने सारनाथच्या बसलेल्या बुद्धासमोर लिहिलं होतं, 'जैन तीर्थंकर'. कारण लिहायला सांगितलंच होतं: 'कापड नाही.'

आता यात त्याचा दोष किती? सारनाथच्या कारागिराने चुण्या काढूनच टाकल्या. वस्त्र आहे हे फक्त गळ्याच्या, मनगटाच्या काठावरून आणि मांडीखाली पंख्यासारख्या पसरलेल्या टोकावरून कळतं. फिकट झेरॉक्सवर गळ्याचा काठ पुसला गेला होता. तीर्थंकराच्या छातीवर बहुधा श्रीवत्स हे चिन्ह असतं, ते इथे नाही, हे त्याने बघायला हवं होतं. पण नक्की सांगणारी खूण हातांची. बसलेल्या तीर्थंकराचे हात मांडीवर ध्यानात असतात आणि हा बुद्ध छातीसमोर दोन्ही हातांनी धर्मचक्रमुद्रा करतो. माझ्या कापलेल्या फोटोत नेमके हातच गेले होते. कात्री मी जरा वरच चालवली होती.

त्याला मी अर्धा गुण दिला. तो म्हणाला, "मॅडम, पूर्ण द्या, हात तुम्हीच कापलेत." कळव्याची मुलगी मागून म्हणाली, "गळ्याचा काठ माझ्या कार्डावर दिसतोय, द्यायचा नाही."