कॉइल कापू नका! (आमची वाटचाल)

शिरोलीत आमचा सबमर्सिबल पंपांचा कारखाना जुना आहे. चांगल्या वर्षांबद्दल काय सांगायचं? माल बनला, विकला. सांगायचं ते त्या एका उन्हाळ्याचं. मिरज भागातल्या आमच्या डीलरकडून जळालेल्या मोटरींची रांग लागली. दर वेळी एकच निरोप, "वॉरंटीत आहे, बदलून द्या." शब्दावर विश्वास ठेवून आम्ही देत गेलो. पुढे बॉडीवर खोदलेले नंबर रजिस्टरशी ताडले, तर कित्येकांवर नेमप्लेट नव्या मालाची आणि बॉडी वॉरंटी संपलेल्या मालाची! तोवर बँकेचे हप्ते थकले होते. ते गृहस्थ आज दुसऱ्या कंपनीचा बोर्ड लावून बसलेत. भेटले की नमस्कारही करतात.

तेव्हापासून क्लेम आला की आमचं उत्तर ठरलेलं. परवा साडेसात एचपीच्या एका तक्रारीला लिहिलं, "मोटर उघडली असेल तर रिवाइंडिंगवाल्याला कॉइल कापू देऊ नका, आधी फोटो काढा. नेमप्लेट आणि बॉडी, दोन्हीकडचे नंबर दिसू द्यात. कधी बसवली, बोअर किती फूट, रोज किती तास चालते, चालू असताना व्होल्ट-अँपिअर किती, हे कळवा. स्टार्टरची पेटी उघडून तिचाही फोटो पाठवा. हे पाहिल्यावर दुरुस्तीचं सांगतो."

शेतकरी भाऊ चिडले, "आम्हाला चोर समजता काय?" पण फोटो आले. ही मोटर डेल्टा जोडणीची. एका फेजची कॉइल जळून चिकटलेली, बाकी दोन कोऱ्या. म्हणजे एक फेज गेला तरी मोटर चालूच होती. पेटीत कंडेन्सर दिसला, आणि एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर वायर टाकून बायपास केलेला. दोन फेजवर पाणी ओढायची ही युक्ती गावोगाव चालते. वाइंडिंगचा दोष असता तर बहुधा एकाच जागी शॉर्ट झालेला दिसला असता. तिन्ही फेज सारखे जळाले असते तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज तपासलं असतं. क्लेम नाकारला, रिवाइंडिंग मात्र पडत्या भावात करून दिलं.

आणि कवठे महांकाळचे आमचे गुरुजी! निवृत्त शिक्षक, पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक. स्टार्टरच्या पेटीला वही टांगलेली असते. त्यांचा क्लेम आला तेव्हा वहीत व्होल्टेज तेच, पाण्याची पातळी तीच, पण अँपिअर 12 वरून हळूहळू 15 वर चढलेले. म्हणजे आत काहीतरी घासत होतं. खोदलेल्या नंबरावरून लॉट काढला, तर त्याच लॉटच्या आणखी मोटरींत कार्बन थ्रस्ट बेअरिंग झिजलेलं निघालं. गुरुजींची मोटर फुकट दुरुस्त झाली, आणि बेअरिंगचा तो लॉट पुरवठादाराला परत गेला.

विचारलं नाही कुणी, तरी सांगतो: मोटर बोअरमध्ये सोडण्याआधी दोन्ही नंबरांचे फोटो काढून ठेवा. तीनशे फुटांखालून नंबर वाचता येत नाही.