बरोबरीचे दोन चेहरे

"पोस्टरवर दोन्ही चेहरे सारखेच मोठे असतात, मग नाटक-सिनेमा न बघता यातला नायक कोण हे तुम्ही कसं सांगता?"

आकारात फरक असला तर प्रश्नच मिटला, मोठा तो नायक. पंचाईत होते ती बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याची. त्याला लहान केलं तर टक्कर फुसकी वाटते. तेवढाच ठेवला तर प्रेक्षकाने कुणाची बाजू घ्यायची, हे दुसऱ्याच कशाने तरी सांगावं लागतं.

मध्यंतरी नौपाड्यात आम्ही कबड्डीवरच्या एका एकांकिकेचं पोस्टर केलं. दोन चढाईपटू, दोघेही छातीपर्यंत, डोकी एकाच मापाची. आधी खांदे लावले. नायकाचा खांदा पुढे, दुसऱ्याचा त्याच्या आड. मग नायकाचे डोळे बोटभर वर सरकवले. एवढ्यानेही पारडं झुकतं, पण खरं काम नजर करते. नायक समोर, थेट तुमच्याकडे बघतोय. प्रतिस्पर्धी अर्धवट वळून नायकाकडे बघतोय. माणूस जिकडे बघतो तिकडे आपलीही नजर जाते, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याकडे पाहता पाहता तुम्ही नायकापाशीच येऊन पोचता.

उजेडाचं गणित जरा नाजूक. नायकावर मुख्य लाइट समोरून, थोडा बाजूने आणि डोळ्यांच्या वर ठेवला, म्हणजे दोन्ही डोळ्यांत चमक येते. दुसऱ्यावर लाइट मागच्या बाजूने मारला: गालाची कड उजळलेली, अर्धा चेहरा सावलीत, चमक एकाच डोळ्यात. मात्र ती सावली ठार काळी झाली की तो गुंड दिसायला लागतो, म्हणून त्या बाजूला पांढरा थर्माकोल धरून थोडा उजेड परतवला. खालून लाइट तर अजिबात नाही, तो भुताखेतांसाठी आणि खलनायकांसाठी. (निर्मात्यांना तोच जास्त आवडतो, ही आमची जुनी डोकेदुखी.)

नावांच्या क्रमावर मात्र विसंबू नका, तो करारात ठरतो. 1974 च्या 'द टॉवरिंग इन्फर्नो' या हॉलिवूडपटाच्या पोस्टरवर स्टीव्ह मॅक्वीनचं नाव डावीकडे पण खाली आहे, पॉल न्यूमनचं उजवीकडे पण वर. दोघांचाही मान राखायला केलेली ती तडजोड. आकारही कधी चकवतो. पाहुणा कलाकार मोठा स्टार असला की दोन प्रसंगांसाठी येऊनही डोकं सगळ्यांत मोठं त्याचंच.

गडकरी रंगायतनला गेलात की तिथल्या एखाद्या पोस्टरपुढे डोळे किलकिले करून बघा. बारकावे पुसले जातात, उजेडाचा ठिपका तेवढा उरतो. तो ज्याच्या तोंडावर, तो बहुतेक वेळा नायक. रहस्यनाटकात हा नियम चालत नाही, कारण तिथे उजेडातला चेहरा मुद्दाम चुकीचा ठेवतात.