नडगीची ऊब आणि रिपोर्टातला 486

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. चौतीस वर्षं साताऱ्याच्या बाजूची शिवारं पायांनी मोजली, त्यामुळे निवृत्तीनंतर उजवा खुबा दुखायला लागला तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. वापरलेलं जोतं झिजणारच. पण उजव्या नडगीचं दुखणं वेगळं होतं. ते चालताना नव्हतं, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू व्हायचं. खोल, दात दुखावा तसं. एका रात्री बायको तेल चोळत होती, तिनं दोन्ही पायांवर हात ठेवला आणि म्हणाली, "अहो, हा पाय तापलाय. डावा नाही." मी ते हसण्यावारी नेलं.

त्याच सुमारास शिंप्यानं सांगितलं की पॅन्टच्या मापात माझा उजवा पाय अर्धा इंच कमी भरतोय. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे तेव्हा माझ्याच काय, कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मुलीच्या आग्रहानं रक्ताची सगळी तपासणी केली. अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम 486 आलं. त्या लॅबच्या कागदावर वरची मर्यादा 129 होती. हा आकडा लिव्हरच्या तपासण्यांच्या रांगेत छापलेला असतो आणि तिथंच माझी पहिली फसगत झाली. ज्यांना दाखवलं त्यांनी दारू बंद करायला सांगितलं (मी ती कधीच चालू केली नव्हती) आणि लिव्हरचं सिरप दिलं. दोन महिने ते प्यायलो. सोनोग्राफीत लिव्हर ठणठणीत निघालं, आकडा मात्र तसाच.

पुढचे डॉक्टर एमडी मेडिसिनचे. त्यांनी माझा जुना कागद उलटून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "गॅमा जीटी केलंय का?" नव्हतं. ते केलं, 28 आलं, म्हणजे नॉर्मल. बिलिरुबिनही नॉर्मल होतं. त्यांनी सांगितलं ते मला नीट कळलं: अल्कलाइन फॉस्फेटेज लिव्हरमधूनही येतं आणि हाडातूनही. लिव्हरकडून येत असेल तर सहसा गॅमा जीटीही सोबत वाढतं. ते शांत असेल तर नजर हाडाकडे वळवायची.

पण हाडाकडे वळल्यावरही आपल्याकडे आधी एक साधा संशयित उभा राहतो, तो म्हणजे ड जीवनसत्त्वाची कमतरता. माझं ड 11 होतं, 20 च्या खाली कमतरता धरतात. ड कमी पडून हाड मऊ पडलं की अल्कलाइन फॉस्फेटेज वाढतं, म्हणून आठवड्याला एक अशी 60,000 युनिटची पुडी आठ आठवडे दुधातून घेतली. ड 38 वर गेलं. अल्कलाइन फॉस्फेटेज 471. इथं डॉक्टर थबकले. कॅल्शियम आणि फॉस्फरस तर पहिल्यापासून नॉर्मल होतं. नुसतं ड कमी असण्यानं एवढा आकडा वाढला असता तर आता तो निदान उतरणीला लागायला हवा होता. त्यांनी कंबरेचा आणि नडगीचा एक्स-रे लिहून दिला.

एक्स-रेचा रिपोर्ट मी घरी येऊन वाचला, ही चूकच. कटीच्या हाडात पांढरे दाट भाग, मेटास्टॅसिसची शक्यता, प्रोस्टेट तपासावे. म्हणजे कॅन्सर हाडात पसरलेला. तो रविवार होता. मी बायकोला काही न सांगता पासबुकं, नॉमिनेशनं काढून बसलो. सोमवारी प्रोस्टेटची रक्ततपासणी, पीएसए, दिली. 1.4 आली, म्हणजे नॉर्मल. थोडा श्वास सुटला, पण संशय पुरता गेला नाही.

तो पुण्यातल्या दुसऱ्या रेडिऑलॉजिस्टनं घालवला. त्यांनी फिल्म प्रकाशपेटीवर लावून मला जवळ बोलावलं आणि डाव्या-उजव्या कटीवर आळीपाळीनं बोट ठेवलं. "काका, कुठलं मोठं आहे?" उजवं. नुसतं पांढरं नव्हतं, आकारानंच वाढलेलं होतं. कॅन्सरचे डाग हाड पांढरं करतात, पण सगळं हाडच असं फुगवत नाहीत, असं ते म्हणाले. शिवाय ओटीपोटाच्या आतल्या कडेची रेघ डावीकडे पेन्सिलीची होती, उजवीकडे स्केचपेनची. आतली जाळीही जाड, ओबडधोबड दोऱ्यांची दिसत होती.

नडगीच्या फिल्ममध्ये आणखी स्पष्ट होतं. वरच्या भागात हाड जाड आणि पुढे वाकलेलं, खाली निरोगी. दोहोंच्या मधली हद्द इंग्रजी व्ही अक्षरासारखी, टोक खाली. गवताच्या पात्यासारखी ती काळी फट म्हणजे आजाराचा पुढचा मोहरा, तो वर्षाला साधारण एक सेंटीमीटर सरकतो. हद्दीच्या खुणा ओळखण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे ही हद्द मला लगेच दिसली. फिल्मवर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पट्टी ठेवून मी मधला लंबही काढला. जवळजवळ दोन सेंटीमीटर. शिंप्याच्या अर्ध्या इंचातला काही भाग कुठं गेला ते कळलं.

आजाराचं नाव पॅजेट्स डिसीज ऑफ बोन. लंडनचे सर्जन जेम्स पॅजेट यांनी 1877 मध्ये त्याचं वर्णन छापलं. त्यांचा रुग्ण वर्षानुवर्षं मोठ्या मापाची टोपी घेत राहिला होता, कारण कवटीच वाढत होती. इंग्लंडात, त्यातही लँकेशायरकडे, म्हाताऱ्या माणसांत हा बराच आढळत आलाय. भारतात क्वचित, म्हणूनच तो पटकन कुणाला आठवत नाही.

तो काय करतो हे मला हार्मोन आणि हाडांचे आजार बघणाऱ्या एंडोक्रिनॉलॉजिस्टबाईंनी सांगितलं, मी ते माझ्या भाषेत सांगतो. हाड कायम दुरुस्तीत असतं. काही पेशी जुनं कोरतात, काही नवं रचतात. या आजारात कोरणाऱ्या पेशी बेफाम होतात. शेजाऱ्यानं बांध कोरला की घाईघाईनं दगडमाती टाकून तो परत घालतात ना, तसं रचणाऱ्या पेशीही घाईनं काम उरकतात. बांध उंच आणि रुंद होतो, पण भक्कम नाही. पहिल्या पावसात खचतो. असं हाड वाकतं, तडकतं, आणि त्यात रक्त जास्त खेळतं म्हणून वरून गरम लागतं. रचणाऱ्या पेशींच्या धावपळीचा हिशेब म्हणजे ते अल्कलाइन फॉस्फेटेज.

आजार अजून कुठं कुठं आहे ते पाहायला बोन स्कॅन केला. हातातून किरणोत्सारी टेक्नेशियमचं इंजेक्शन, तीन तास थांबणं, भरपूर पाणी, मग यंत्राखाली पडून राहणं. उजवी कटी आणि उजवी नडगी उजळली, बाकी सगळं साधं. कवटी स्वच्छ होती, हे महत्त्वाचं, कारण कवटीत असतं तर ऐकू येणं कमी होण्याची भीती. म्हणजे बायकोच्या हाका मला ऐकू न येण्याला वैद्यकीय कारण उरलं नाही. चित्र इतकं नमुनेदार होतं की हाडाचा तुकडा काढायची गरज नाही, असं बाईंनी ठरवलं.

मग त्यांनी एक गोष्ट ठासून सांगितली. "मी आकड्याला औषध देत नाहीये, दुखण्याला देतेय." रात्रीचं, बसल्या-पडल्याचं नडगीचं दुखणं हाडाचं आहे, ते थांबेल. पण खुब्याचं, चालताना जांघेत येणारं दुखणं बहुतेक सांध्याचं आहे. वाकड्यातिकड्या हाडाशेजारी सांधा लवकर झिजतो, आणि फिल्ममध्ये त्या सांध्यातली फट अरुंद दिसतच होती. ते या औषधानं जाईल असं मी म्हणणार नाही, म्हणाल्या. एकाच पायातली दोन दुखणी मी तोवर एकच समजत होतो.

औषध झोलेड्रोनिक अॅसिड, 5 मिलिग्रॅम, शिरेतून एकदाच. हे बिस्फॉस्फोनेट हाडाला चिकटून बसतं आणि कोरणाऱ्या पेशींना आवरतं. रोज गोळ्या घेण्याचाही पर्याय होता: रायसेड्रोनेट 30 मिलिग्रॅम, दोन महिने, उपाशीपोटी, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मला आम्लपित्त आहे, मी सलाइन निवडलं.

त्याआधी तीन कामं होती. क्रिएटिनिन पाहिलं, कारण किडनी कमजोर असेल तर हे देत नाहीत. ड आधीच भरून काढलं होतं, ते बरं झालं. नाही तर हाडानं कॅल्शियम सोडणं एकदम थांबतं आणि रक्तातलं कॅल्शियम कोसळू शकतं. आणि दात. एक दाढ किडलेली होती, ती आधी काढून जखम भरेपर्यंत थांबलो, कारण या औषधानंतर दाढ काढली तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका थोडा असतो.

केमिस्टकडे आणखी एक घोळ. त्यानं 4 मिलिग्रॅमची कुपी काढून दिली. ती कॅन्सरच्या रुग्णांना ठरावीक आठवड्यांनी देतात, आणि माहितीपत्रकात तो शब्द वाचून मुलीचा चेहरा उतरला. आम्हाला हवी होती 100 मिलिलिटरची, 5 मिलिग्रॅमची तयार बाटली. ती दुसऱ्या दिवशी मागवून मिळाली.

सलाइन अर्ध्या तासात संपलं. संध्याकाळी सातला थंडी वाजली, ताप 102, सगळं अंग ठेचल्यासारखं. आधीच बजावलं होतं म्हणून घाबरलो नाही. पॅरासिटामॉल घेतलं, दोन दिवसांत उतरलं. कॅल्शियमची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होती. ओठांभोवती मुंग्या आल्या किंवा बोटं आखडली तर लगेच फोन करा, असं सांगितलं होतं. तसं काही झालं नाही.

नडगीची रात्रीची कळ तिसऱ्या आठवड्यात कमी झाली, दोन महिन्यांत गेली. आकडा सावकाश उतरला: तीन महिन्यांनी 164, सहा महिन्यांनी 88. आमच्या कट्ट्यावरच्या एका मित्राला हेच सलाइन दरवर्षी मिळतं, त्यामुळे तो माझ्या मागे लागला की तूही घे. त्याचा आजार हाडं ठिसूळ होण्याचा, माझा हा. माझा डोस बरीच वर्षं पुरू शकतो. कळ परत आली तर पुन्हा विचार करायचा, तोवर वर्षातून एकदा अल्कलाइन फॉस्फेटेज बघायचं.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवायला सांगितलंय. नडगीच्या पुढच्या, फुगीर बाजूला आडव्या बारीक भेगा पडू शकतात. बोट ठेवता येईल अशा एकाच ठिकाणी नवं दुखायला लागलं तर चालणं थांबवून एक्स-रे काढायचा. आणि गाठ येऊन दुखणं झपाट्यानं वाढत गेलं तर उशीर करायचा नाही, कारण अशा हाडात अगदी क्वचित, शंभरात एकापेक्षाही कमी जणांना, हाडाचा कॅन्सर होतो.

खुबा अपेक्षेप्रमाणे दुखतोच. काठी डाव्या हातात धरतो, म्हणजे उजव्या खुब्यावरचा भार हलका होतो. आधी मी ती चुकीच्या हातात धरत होतो. सांधा बदलायची वेळ येईल तेव्हा येईल. बायको अजून अधूनमधून दोन्ही नडग्यांवर हात ठेवून पाहते, आता दोन्ही सारख्याच लागतात. बाक मात्र सरळ होत नाही, आणि शिंपी उजवा पाय अर्धा इंच आखूडच शिवतो.