पंखा नसलेली संध्याकाळ

दुपारी काकी ओल्या काजूचे गर द्यायला आली, माझ्या मागे उभी राहून स्क्रीनकडे बघत बसली आणि म्हणाली, "गो, पंखो खंय?"

स्क्रीनवर एक कॅफे होता. म्हणजे अजून तो कुठेच नाही. वेंगुर्ल्याच्या बाजारामागे काजूची एक जुनी वखार आहे, तिचा कॅफे होणार आहे, आणि तो झाल्यावर संध्याकाळी सात वाजता कसा दिसेल याचं चित्र मी करत होते. उघड्या विटांची भिंत, एका बाजूला सोफा, मधे लांब लाकडी टेबल, खिडकीशी उंच स्टुलं, वरून लोंबणारे काळे दिवे. असली शेकडो चित्रं मी बघितली आहेत आणि बरीच केलीही आहेत. पण एकातही पंखा नाही, हे काकीने विचारेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"उकाड्यान मरतली माणसां," असं म्हणून ती गेली.

मग मी गंमत म्हणून पंखा टाकून बघितला. साधा, तीन पात्यांचा. चित्र तत्क्षणी बिघडलं. पंखा आला की वरच्या कोऱ्या काळोखाचं छत होतं आणि खोलीची उंची कळते. शिवाय खऱ्या कॅफेत पंख्याच्या वाऱ्याने लोंबते दिवे हलणार, आणि एखादा दिवा पात्यांच्या वर आला तर टेबलावर सावल्यांची फडफड सुरू होणार. दिवे पात्यांच्या खाली आणि जरा बाजूला घ्यावे लागतात. तेवढी तडजोड कुणी चित्रात दाखवत नाही. मीही पंखा काढून टाकला.

आता विटांचं. आमच्याकडे विटांची भिंत आहेच कुठे? घर, विहीर, गडगा, देवळाचा चौथरा, सगळा जांभा. त्या वखारीच्या गिलाव्याखालीही चिरेच आहेत. साधारण आठ विटांची जागा एक चिरा घेतो. खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर राहिला की कडक होतो. पण गिऱ्हाईक म्हणालं, विटाच हव्यात, चिऱ्यांवर पातळ विटा चिकटवू. हरकत नाही. मी लायब्ररीतली वीट लावली.

लायब्ररीतली वीट म्हणजे कुठल्या तरी परदेशी भिंतीचा दोन मीटरचा फोटो, शेजारी शेजारी जोडत न्यायचा. वखारीची भिंत सात मीटरची. म्हणजे कोपरा उडालेली एक काळपट वीट असेल, तर तीच वीट त्याच ओळीत दर दोन मीटरवर पुन्हा भेटते. एकदा दिसली की दुसरं काही दिसतच नाही. तुम्हाला कुणी असलं चित्र दाखवलं तर आधी ती वीट शोधा. सापडली तर करणाऱ्याने घाई केली आहे.

न राहवून मी एक चित्र चिऱ्यांचंही केलं. फोटो आमच्याच गडग्याचा, ढगाळ सकाळी काढलेला. उन्हात काढला तर चिऱ्याच्या प्रत्येक भोकात उन्हाची सावली कायमची बसते, आणि मग संध्याकाळच्या चित्रात दिवा एकीकडे नि सावली भलतीकडे. भिंतीला लगटून वरून दिवा सोडला तेव्हा जांभ्याची ती सगळी भोकं, पिवळे-जांभळे डाग, मधली पांढरट माती अशी उठून आली की मी बराच वेळ नुसती बघत राहिले. फक्त खोली काळवंडली. जांभा उजेड गिळतो, त्याला दिवे जास्त लागतात.

गिऱ्हाइकाने बघितलं आणि म्हणालं, "हे आमच्या गोठ्यासारखं दिसतंय."

गोठ्यासारखं नाही, मला ते ओटीसारखं दिसत होतं. आजोळची ओटी. तिथे झोपाळा होता, त्याच्यावर आजोबा. भिंतीशी बाकडं, ते आल्यागेल्यासाठी. आरामखुर्ची फक्त खोत आले तर. बायका उंबऱ्याच्या आत पाटावर, आम्ही पोरं पायरीवर, आणि गडी जोत्याच्या कडेला, पाय अंगणात. कोणी कुठे बसायचं हे कुणी सांगत नसे आणि कुणी चुकतही नसे. आता मी एकाच खोलीत सोफा, स्टूल आणि बाक मांडते नि कुठेही बसा म्हणते, तेव्हा बरं वाटतं, खरंच. जोत्याच्या कडेला बसणाऱ्या धाकूमामाला मी कधी झोपाळ्यावर बसलेलं बघितलं नाही.

तिन्हीसांजेला मामी राखेने कंदिलाची काच पुसायची आणि तो तुळईच्या आकड्याला अडकवायची. आकडा उंचावर असूनही कंदील खाली यावा म्हणून मधे तारेची लांब कडी होती. आजोबा म्हणत, उजेड ताटात हवा, माळ्यावर उंदरांना काय करायचाय?

ही तारेची कडी म्हणजेच अख्खा धंदा. दिव्याचं तोंड टेबलाच्या वर पाऊण मीटर, फार तर थोडं जास्त. त्याहून खाली आलं तर समोरच्याचं तोंड दिसत नाही, वर गेलं तर उजेड सांडतो आणि खोलीला मंगल कार्यालयाची कळा येते. दिवा सत्तावीसशे केल्विनचा, पिवळा. बाहेर सूर्य बुडाल्यानंतरचं निळं आभाळ. आपल्याकडे ही निळाई वीस-बावीस मिनिटं टिकते, चित्रात कायमची. मग कॅमेऱ्याला पांढरं काय ते सांगायचं. दिव्याला पांढरं म्हटलं तर ऊब गेली. दुपारच्या उजेडाला पांढरं म्हटलं तर खोली आमरसात बुडते. चार हजाराच्या आसपास कुठे तरी पिवळा पिवळा राहतो आणि निळा निळा. लोक म्हणतात, किती छान उबदार आलंय. ऊब काही दिव्यात नसते, ती खिडकीबाहेरच्या निळ्यामुळे वाटते. आणि कोपऱ्यातल्या अंधारामुळे.

कोपऱ्यातला हा अंधार मात्र कुणाला नको असतो. "जरा उजेड वाढवा" हा फोन येतोच. मग मी कॅमेऱ्याच्या मागे एक मोठा, न दिसणारा दिवा ठेवते. चित्रात तो नसतो, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर त्याचा उजेड असतो. सोफ्याच्या शिवणी दिसतात, फळ्यावरचा मेनू वाचता येतो. पुढे कॅफे बांधून होतो, दिवे तेच, उंची तीच, आणि मालक विचारतो, चित्रात होतं तसं का नाही दिसत? कारण तो मागचा दिवा कुठल्याच दुकानात मिळत नाही. त्याऐवजी भिंतीवर उजेड टाकणारे दोन-चार छोटे दिवे वेगळ्या बटणावर घ्या, असं मी सांगते. ते खर्चात पहिले उडतात.

मिरगाच्या पहिल्या पावसात दिव्यांवर वाळवीची पाखरं तुटून पडतात, तेही चित्रात नाही. पिवळ्या दिव्यावर पांढऱ्यापेक्षा कमी येतात, एवढाच काय तो दिलासा. उशांना श्रावणात बुरशी येणार आहे. दिव्यांचं लोखंड खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत फुगणार आहे. हे सगळं मला ठाऊक आहे, आणि तरी ते चित्र मला आवडतं. का, ते विचारू नका.

संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला. विटा फायनल, उजेड फायनल, एक झाड वाढवा. आणि मागच्या खिडकीतून समुद्र दिसू दे, त्यात सूर्य बुडताना.

म्हटलं, ती खिडकी पूर्वेला आहे. बाहेर एसटीचा रस्ता आहे.

"माहितीये हो मॅडम," तो म्हणाला. "चित्रातच तर टाकायचाय."

टाकते. शंभरेक रुपये जास्त लावीन.