पाच दिवसांची शिष्या

माझ्या कथक वर्गाच्या परिचयपत्रकात वर्षानुवर्षं एक ओळ होती. एका फार मोठ्या लखनौ घराण्याच्या कलावंताचं नाव आणि पुढे 'यांचे मार्गदर्शन लाभले'. जूनमधल्या एका शनिवारी मुलीच्या प्रवेशासाठी आलेल्या एका वडिलांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, यांच्याकडे किती वर्षं शिकलात?"

"पाच दिवस," मी म्हटलं. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

कार्यशाळा होती, दीडशे जण होते आणि मी सहाव्या रांगेत होते. एक आमद, म्हणजे नाचाच्या सुरुवातीची रचना, मिळाली, ती आजही करते. पण माझे पाय कसे पडतात हे त्यांनी कधी पाहिलंच नाही, आणि पाय पाहिल्याशिवाय कसलं मार्गदर्शन? आमच्या क्षेत्रात अशा ओळी सर्रास छापतात. मीही छापली होती.

"मग खरं शिकलात कुणाकडे?" गृहस्थ चिवट होते, पण प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, ज्या बाईंकडे चौदा वर्षं काढली त्या रोहिणी भाटे यांच्या शिष्या. रोहिणीताईंनी १९४७ मध्ये पुण्यात 'नृत्यभारती' सुरू केली. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या शिकल्या होत्या. मी स्वतः रोहिणीताईंकडे एक दिवसही शिकलेले नाही. बाईंनी मला काय दिलं ते मात्र दाखवता येईल. "बसा, मोठ्यांची बॅच सुरू होतेय."

त्या बॅचमधल्या एक काकू शेहेचाळीस वर्षांच्या, हिशेबतपासनीस. मला 'ताई' म्हणतात, मी त्यांना 'काकू', आणि वयाचा घोळ आम्ही दोघींनी सोडून दिलाय. त्यांची तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून संपवायचा तुकडा, तीन आठवडे समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येत नव्हती. बोल अगदी सोपे होते: 'ता थेई थेई तत थेई'. या पाच मात्रा. मग एक मात्रा मोकळी, पुन्हा तेच बोल, पुन्हा एक मोकळी आणि तिसऱ्यांदा बोल. पाच त्रिक पंधरा आणि दोन मोकळ्या, एकूण सतरा. तीनतालाच्या सोळा मात्रा. समेपासून उचललं की सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम, आणि शेवटचा 'थेई' बरोब्बर तिच्यावर पडतो.

काकू दर वेळी दोन मात्रा आधीच पोचायच्या. मग अंदाजाने थांबून लेहऱ्याची, म्हणजे ताल दाखवत फिरणाऱ्या सुरावटीची, सम आली की मान उडवायच्या. घुंगरू असते तर त्या झणकारात हे खपूनही गेलं असतं. म्हणून मी पहिलं वर्षभर घुंगरू बांधू देत नाही, मुलांना नाही आणि मोठ्यांनाही नाही. नुसता तळवा फरशीवर पडला की चूक लपत नाही. अख्खा तळवा सपाट पडला तर आवाज भरीव येतो. टाच आधी आपटली तर तो फुटका येतो, आणि महिन्याभरात टाच दुखायला लागते.

त्या दिवशी मी त्यांना नाचू दिलंच नाही. बाई आमच्याकडून करून घ्यायच्या तसं खाली बसवून हातावर ताल धरायला लावला आणि नुसती पढंत घेतली, म्हणजे बोल तोंडाने म्हणवून घेतले. दुसऱ्याच खेपेला उलगडा झाला. बोलांचा शेवटचा 'थेई' संपला की काकू श्वास घ्यायच्या, आणि श्वास घेताना हात थांबायचा. मोकळी मात्रा त्यांच्या हिशेबात होती, हातात नव्हती.

"काकू, तिथे 'एक' म्हणा. मोठ्याने."

"मग ती मोकळी कशी राहील?"

"आज राहू दे भरलेली."

'ता थेई थेई तत थेई, एक, ता थेई थेई तत थेई, एक…' पाचव्या खेपेला हात आणि लेहरा एकत्र आले. मग 'एक' मनात, आणि मग उभं राहून पायात. पायात पुन्हा चुकलं, कारण तिथे उजव्या-डाव्याचा नवा गोंधळ. पण या वेळी चूक कुठे झाली ते काकूंनीच सांगितलं. लहान मुलं हे ऐकून ऐकून उचलतात, त्यांना कारण सांगायला गेलं की उलट बिघडतं. मोठ्यांना कारण कळेपर्यंत पाय हलत नाही. दोन्ही बॅच एकत्र घ्या असं सांगणारे पालक भेटतात, त्यांना मी नाही म्हणते ते यामुळे.

वडिलांनी जाताना एवढंच विचारलं, "घुंगरू खरंच वर्षभर नाहीत? तिच्या मावशीने आणून ठेवलेत." मी म्हटलं, कपाटात राहू द्या.

रात्री पत्रकातली ती ओळ खोडली. तिथे लिहिलं: 'पाच दिवसांची एक कार्यशाळा'. कुणाची, ते नाव लिहू की नको यावर बराच वेळ अडले. शेवटी तेही काढलं.