34 पानांचा प्लॅन, एका पानाचा कॅनव्हास आणि 600 कटर

मी बडोद्याचा, घर दांडिया बाजारात आणि नोकरी मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत. अकरा वर्षं एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीत काढली. एंडमिल बोथट झाली की ती एका डब्यात पडते आणि डबा भरला की किलोच्या भावाने भंगारात जाते, हे रोज बघत होतो. एंडमिल म्हणजे ड्रिलसारखी दिसणारी, पण बाजूंनीही कापणारी कटर. दहा मिलिमीटरची चांगली कार्बाइडची नवी घेतली तर आमच्याकडे 1,200 रुपयांच्या आसपास पडते. तिला पुन्हा धार लावून 250 रुपयांत दिली तर कोण नको म्हणेल, असं मला वाटायचं. हा प्रश्न मी फक्त स्वतःलाच विचारत होतो, हे फार उशिरा लक्षात आलं.

धार लावायच्या मशीनसाठी बँकेत कर्जाची चौकशी केली तेव्हा प्रोजेक्ट रिपोर्ट आणा म्हणाले. वडिलांचे एक जुने स्नेही सीए आहेत. त्यांच्याकडे गेलो. आठ दिवसांत 34 पानांचं बाइंडिंग हातात आलं. उद्योगाची पार्श्वभूमी, बाजारपेठ, मशीनचं कोटेशन, पाच वर्षांचा ताळेबंद, सगळं त्यात. घरी सगळ्यांनी पानं उलटून बघितली. बायको म्हणाली, "अहो, पण हे 600 कुठून आणलंत?"

मी पान काढून बघितलं. वापरलेलं सीएनसी टूल ग्राइंडर 32 लाखांचं, त्यातले 24 लाख कर्ज, 11 टक्क्यांनी पाच वर्षं, म्हणजे हप्ता साधारण 52 हजार. मशीनची क्षमता महिन्याला 1,000 कटर धरली होती. पहिल्या वर्षी 60 टक्के, दुसऱ्या वर्षी 70, तिसऱ्या वर्षी 80. 600 आले ते इथून. सीए काकांना फोन केला तर हसून म्हणाले, "अरे, ते तसंच लिहायचं असतं. सगळ्यांच्या रिपोर्टमध्ये 60-70-80 च असतात."

त्या आकड्यावर बाकी सगळं उभं होतं. 600 कटर गुणिले 250 म्हणजे दीड लाख. भाडं, वीज, ऑपरेटर मिळून 55 हजार, ग्राइंडिंग व्हील आणि कूलंटला कटरमागे 25 रुपये धरून 15 हजार. हातात राहिले 80 हजार. त्याला 52 ने भागलं की 1.54. बँकवाले याला डीएससीआर म्हणतात, म्हणजे कर्जाचा हप्ता भरायला पुरेसा पैसा येतो का, याचं माप. दीडच्या वर गेलं की चेहरा खुलतो. टॅक्स बाजूला ठेवून मी तोच हिशेब 400 कटरवर केला. हातात 35 हजार उरतात, म्हणजे 0.67. दोन तृतीयांश हप्ता धंद्यातून आणि उरलेला बायकोच्या पगारातून. ती शाळेत शिकवते, आणि माझा हिशेब तिने माझ्या आधी केला होता बहुतेक.

माझ्या मावसभावाने कॅनव्हासचं नाव काढलं. तो पुण्यात एका स्टार्टअपमध्ये होता. ते बंद पडलं, त्यामुळे त्याच्या सल्ल्यावर घरात कोणाचा फारसा विश्वास नव्हता. त्याने सांगितलं की लीन कॅनव्हास हा अ‍ॅश मौर्य यांनी अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांच्या बिझनेस मॉडेल कॅनव्हासमध्ये फेरफार करून बनवलेला, धंद्याची कल्पना मांडायचा तक्ता आहे. मूळ तक्त्यातले भागीदार, संसाधनं वगैरे चार चौकोन काढून तिथे प्रॉब्लेम, सोल्यूशन, की मेट्रिक्स आणि अनफेअर अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे दुसऱ्याला सहज नक्कल करता न येणारी गोष्ट, हे चार टाकलेत. एकूण नऊ चौकोन, एक पान, आणि भरायला अर्धा तास. मला हे जरा पोरकट वाटलं. 34 पानांना जे जमलं नाही ते एका पानाला काय जमणार?

तरी भरला. प्रॉब्लेममध्ये लिहिलं, "नवे कटर महाग." त्याच चौकोनात खाली एक छोटी जागा असते: लोक सध्या यावर काय करतात? तिथे मी लिहिलं, "फेकून देतात." भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, महाग असून फेकतात? मग त्यांना ते महाग वाटत नसणार, नाहीतर तुला दुसरं काहीतरी माहीत नसणार." हा एक चौकोन त्या 34 पानांत कुठेच नव्हता. तिथे 'स्पर्धा' या मथळ्याखाली एक परिच्छेद होता, आणि त्यात स्पर्धा नगण्य असल्याचं छान भाषेत लिहिलं होतं.

मग तीन आठवडे, सुटल्यावर संध्याकाळी, अकरा शॉपमध्ये जाऊन आलो. भावाने एक पथ्य सांगितलं होतं: "तुम्ही धार लावून घ्याल का?" असं विचारायचं नाही, कारण चहा पाजणारा माणूस तोंडावर 'हो'च म्हणतो. विचारायचं ते एवढंच, की मागची कटर बोथट झाली तेव्हा काय केलंत?

सातव्या शॉपमध्ये उत्तर मिळालं. पाच व्हीएमसी, म्हणजे कटर लावून धातू कापणारी संगणकी मशीनं, शेठ साठीचे. त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. आत तेलकट कागदात गुंडाळलेल्या चाळीसेक बोथट एंडमिल, म्हणजे भंगारातही दिल्या नव्हत्या. मी विचारलं, या पाठवत का नाही? ते गुजरातीत म्हणाले, "पण पछी साइज क्यां रहे छे?" म्हणजे, पण नंतर माप कुठे राहतं? मग गोष्ट सांगितली. एकदा धार लावून आणली होती. दहाची कटर बाजूंनी घासली गेली की 9.7 होते. दिवसाच्या ऑपरेटरने मशीनच्या ऑफसेट पेजवर, जिथे कटरचं माप भरतात, नवा व्यास टाकला. रात्री दुसऱ्या मशीनवर कोणीतरी तीच कटर दहाची समजून लावली आणि सकाळी खाचा अरुंद निघालेल्या प्लेटा मिळाल्या. खाच अजून रुंद करता येते म्हणून प्लेटा वाचल्या, पण डिलिव्हरी चुकली. त्या दिवसापासून खण भरतोय.

मी क्वालिटीतला माणूस, असले रिजेक्शन रोज हाताळणारा, आणि हे मला सुचलं नव्हतं! पैसे वाचवणं ही त्यांची अडचणच नव्हती. धार लावलेल्या कटरच्या मापाचा भरवसा नसणं, ही अडचण होती. नंतर आणखी तीन ठिकाणी हेच ऐकलं, शब्द तेवढे वेगळे. दोन ठिकाणी मात्र स्पष्ट सांगितलं की फिनिशिंगला, म्हणजे शेवटच्या सफाईच्या कामाला, आम्ही धार लावलेली कटर कधीच वापरणार नाही, कोटिंगही गेलेलं असतं. ते बरोबर आहे. म्हणून ग्राहकाच्या चौकोनात 'सगळे मशीन शॉप' खोडलं आणि 'रफिंगला, म्हणजे सुरुवातीच्या जाड कापाला, वेगळ्या कटर ठेवणारे, तीनपेक्षा जास्त व्हीएमसी असलेले' असं लिहिलं. सोल्यूशनमध्ये आलं: प्रत्येक कटर मोजून, दोन दशांश स्थळांपर्यंतचा व्यास छापलेल्या प्लास्टिक ट्यूबमध्ये परत, आणि शँकवर, म्हणजे कटरच्या दांड्यावर, रंगीत पट्टी, म्हणजे रात्रपाळीलाही लांबून कळेल. अनफेअर अ‍ॅडव्हान्टेजचा चौकोन रिकामाच ठेवला. पट्टी कोणीही चिकटवू शकतो.

यातलं काहीही करायला 32 लाखांचं मशीन लागत नव्हतं, हे कॅनव्हास भिंतीवर लावल्यावर दिसलं. अहमदाबादजवळच्या एका ग्राइंडिंगवाल्याशी बोललो. पार्सल धरून कटरमागे 190 रुपये. मी 250 घेणार, मोजणी आणि पट्टी माझी. की मेट्रिक्समध्ये फक्त एक गोष्ट लिहिली: मी फोन न करता दुसऱ्यांदा कटर पाठवणारे शॉप किती. पहिल्या महिन्यात 72 कटर, दुसऱ्यात 138, तिसऱ्यात 165. पाच शॉपपैकी तिघांनी स्वतःहून दुसरा लॉट दिला. दोघं परत आले नाहीत, आणि त्यांना विचारल्यावर कळलं की त्यांच्या कटर आठ मिलिमीटरपेक्षा लहान असतात. तिथे 250 रुपयांत फारसं काही वाचत नाही.

इथपर्यंत मी कॅनव्हासचा भक्त झालो होतो. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी खिसा रिकामा झाला.

ग्राइंडिंगवाला माल सोडताना रोख घ्यायचा. शॉपवाले बिल घेऊन साठ दिवसांनी पैसे द्यायचे. दुसऱ्या महिन्याचे 26,220 आणि तिसऱ्याचे 31,350 असे 57,570 रुपये माझ्या खिशातून गेले होते. हातात पहिल्या महिन्याच्या बिलाचे तेवढे 18 हजार. धंदा फायद्यात होता आणि मी पुढचा लॉट पाठवू शकत नव्हतो. भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. एका चौकोनात खर्च, एका चौकोनात उत्पन्न, दोन्ही बरोबर. पण त्यात तारीख लिहायला जागाच नाही. पैसा कधी जातो आणि कधी येतो, हे कॅनव्हास विचारतच नाही, आणि जितकी जास्त ऑर्डर तितका हा खड्डा खोल.

उद्यम नोंदणी केलेली होती. एमएसएमईडी या लघुउद्योगांच्या कायद्यानुसार सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, हे मला सीए काकांनी सांगितलं. कायदा बरोबर आहे. पण पाचच ग्राहक असताना त्यातल्या कोणाला कलम दाखवायचं? मी त्याऐवजी पंधरा दिवसांत पैसे देणाऱ्याला कटरमागे दहा रुपये सूट दिली. तिघांपैकी दोघांनी घेतली.

तेव्हा कुठे मी तो 34 पानांचा गठ्ठा परत उघडला. या वेळी सगळ्यात शेवटच्या पानापासून. काकांबरोबर दोन रविवार बसून महिन्यागणिक रोखीचा तक्ता केला: कोणत्या महिन्यात किती कटर, त्याचे पैसे कोणत्या महिन्यात येणार, खेळतं भांडवल किती लागणार. बाजारपेठेची आणि पार्श्वभूमीची पानं काढून टाकली. रिपोर्ट 12 पानांचा झाला. बँकेला एक पानाचा कॅनव्हास दाखवून बघितला होता. साहेबांनी तो शांतपणे परत केला आणि विचारलं, "हप्ता कशातून भरणार?" त्यांचंही चूक नाही. त्या कागदावर याचं उत्तर नव्हतंच.

नव्या रिपोर्टमध्ये 60 टक्के नाहीत. एका नियमित शॉपकडून महिन्याला साधारण 40 कटर येतात, हा माझ्या वहीतला आकडा आहे. मशीन घेतलं तर 55 हजारांचा खर्च आणि 52 हजारांचा हप्ता, कटरमागे सुटतात 225, म्हणजे 476 कटरला कुठे मी शून्यावर येतो. बारा शॉप. दीडचा डीएससीआर हवा असेल तर पंधरा. काकांना मी म्हटलं, शॉप बारा होईपर्यंत रिपोर्ट बँकेत न्यायचा नाही. ते म्हणाले, "तोपर्यंत मशीनचं कोटेशन जुनं होईल." होऊ दे, नवं मागवू.

त्या सातव्या शॉपचा खण आता रिकामा असतो. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा रात्रपाळीचा ऑपरेटर पिवळी पट्टी असलेली कटर हातात घेऊन ट्यूबवरचा आकडा वाचत होता: 9.68. त्याने तो ऑफसेट पेजवर टाकला, मग माझ्याकडे बघून स्वतःच्या मायक्रोमीटरने पुन्हा मोजला. बरोबर निघाला. गेल्या महिन्यात एकूण 212 कटर झाले, शॉप सहा.